जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी राहिली असेल तर

भाचीच्या मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दाखला कपाटातून बाहेर निघाला. जन्मतारीख बरोबर, आईचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, दवाखान्याचं नाव आहे. फक्त 'बालकाचे नाव' या शब्दांपुढे एक आडवी रेघ. अडीच वर्षं तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता आणि ती रेघ कुणाच्या नजरेला आली नव्हती.

आपल्याकडे हे घडणं अगदी साहजिक आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यायची असते, आणि बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ती देण्याची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखावर असते. आईला घरी सोडतानाच दवाखाना फॉर्म भरून मोकळा होतो. बारसं मात्र बाराव्या दिवशी, कुणाकडे सव्वा महिन्याने, कुणाकडे आत्याला सवड मिळेल तेव्हा. म्हणजे नोंद आधी होते आणि नाव मागून येतं. फॉर्मवरची नावाची जागा कोरी ठेवायला कायद्याची पूर्ण परवानगी आहे, त्यामुळे कोणाची चूक झालेली नसते. नाव नंतर कळवायचं असतं, एवढंच राहून जातं.

हे 'नंतर कळवणं' म्हणजे नक्की काय, हे आधी समजून घ्या, कारण बहुतेकांचे हेलपाटे चुकीच्या रांगेत उभं राहिल्यामुळे होतात. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये तीन वेगळी कलमं आहेत. कलम १३ उशिरा होणाऱ्या नोंदणीचं, म्हणजे जन्माची नोंदच झालेली नसेल तेव्हाचं. कलम १५ नोंदीतली चूक दुरुस्त करण्याचं. आणि कलम १४ आपलं: नोंद झालेली आहे, पण नावाशिवाय. या कलमानुसार आई-वडील किंवा पालक निबंधकाला तोंडी किंवा लेखी नाव कळवतात, आणि निबंधक ते नोंदवहीत लिहून त्यापुढे सही-तारीख टाकतो. यात न्यायालय येत नाही, तहसीलदार येत नाही, राजपत्रही येत नाही. राजपत्रातली जाहिरात असलेलं नाव बदलण्यासाठी असते. इथे बदलायला नावच नाही, रिकामी जागा भरायची आहे. खिडकीवर 'नाव दुरुस्ती करायची आहे' असं म्हणालात की तुमच्या हातात कलम १५ च्या कागदपत्रांची यादी पडते. म्हणून शब्द नेमका वापरा: 'नाव समाविष्ट करायचं आहे'.

कोणत्या कार्यालयात जायचं

जिथे जन्म झाला तिथे. तुम्ही आज कुठे राहता याचा यात काही संबंध नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायच्या आपल्या पद्धतीमुळे हा मुद्दा फार नडतो. भाची राहते पुण्यात, मुलगी जन्मली माहेरच्या तालुक्याच्या गावी. जावयाने आधी पुण्यातल्या कार्यालयात चक्कर मारली. तिथे नोंदच नव्हती, त्यामुळे त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं.

दाखल्याच्या तळाशी निबंधकाचा शिक्का असतो, त्यावर कार्यालयाचं नाव असतं. तेच आपलं कार्यालय. गावात ते ग्रामपंचायत असतं, छोट्या शहरात नगरपरिषदेचा जन्म-मृत्यू विभाग, महानगरपालिकेत त्या त्या प्रभागातलं आरोग्य खात्याचं कार्यालय. नोंद जुनी असेल तर नोंदवही मूळ कार्यालयात नसण्याची शक्यता असते. कॅलेंडर वर्ष संपल्यावर आणखी बारा महिने वही निबंधकाकडे राहते, मग शासनाने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे जतनासाठी जाते. तसं असेल तरी अर्ज निबंधकाकडेच द्यायचा. तो पुढे पाठवणं हे नियमाने त्याचं काम आहे. 'वही इथे नाही' हे अर्ज न घेण्याचं कारण होत नाही.

दाखला हरवला असेल तर आधी नोंदीचा उतारा काढावा लागतो. इथे एक गंमत होते: कारकून बाळाचं नाव विचारतो आणि नाव तर नोंदीत नाहीच. शोध जन्मतारीख, आईचं नाव आणि दवाखाना यावरून घ्यायला सांगा. आईचं नाव सांगताना माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं सांगा.

एक वाट मात्र कटाक्षाने टाळा. राहत्या शहरात 'नोंदच झाली नाही' असं सांगून नावासकट नवी नोंद करून देतो, असं म्हणणारे एजंट भेटतात. त्यात खोटी माहिती दिल्याचा गुन्हा होतो, आणि एका मुलाच्या दोन नोंदी होतात. दोन नोंदी निस्तरणं हे नाव भरण्यापेक्षा कितीतरी पट किचकट काम आहे.

मुदत कशी मोजायची

दाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. मुदत नोंदणीच्या तारखेपासून मोजायची. तिथून बारा महिन्यांच्या आत नाव कळवलं तर विलंब शुल्क नाही. बारा महिन्यांनंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. २००० सालच्या नियमांत हे शुल्क अवघे ५ रुपये ठेवलेलं होतं. आज खिडकीवर जी रक्कम सांगतील तिची पावती घ्या. नव्या दाखल्याच्या प्रतींचं शुल्क वेगळं असतं.

भाचीच्या मुलीचा जन्म ९ जून २०२१ चा, नोंदणी २४ जून २०२१ ची. म्हणजे विनाशुल्क मुदत जून २०२२ मध्ये संपलेली होती, पण पंधरा वर्षं भरायला जून २०३६ उजाडणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज करताना घाबरण्यासारखं काही नव्हतं. 'वर्ष उलटलं, आता प्रांताचा आदेश आणा' असं कुणी सांगितलं तर ती कलम १३ ची, उशिरा नोंदणीची गोष्ट आहे. तुमची नोंद वेळेतच झालेली आहे.

पंधरा वर्षं उलटून गेलेली असली तर निबंधकाला आपल्या अधिकारात नाव घालता येत नाही. अशा जुन्या नोंदींसाठी शासन वेळोवेळी अधिसूचना काढून ठराविक तारखेपर्यंत मुदतवाढ देत आलेलं आहे. त्यामुळे अशा वेळी पहिला प्रश्न 'नाव लागेल का' असा विचारू नका. 'सध्या मुदतवाढ चालू आहे का, आणि कोणत्या तारखेपर्यंत' असा विचारा. चालू असेल तर तारखेच्या आत अर्ज देऊन पोच घ्या, बाकीचे कागद मागून जोडता येतात.

नाव ठरवणं: इथे घाई नको

नाव तर ठरलेलंच आहे, असं वाटतं. पण हाक मारायचं नाव आणि कागदावर टाकायचं नाव यांत फरक आहे, कारण कागदावरचं एकदा चढलं की नंतर ते कलम १५ मध्ये जातं, आणि तिथे 'चूक होती' हे सिद्ध करावं लागतं. 'आता आवडत नाही' ही चूक ठरत नाही.

तेव्हा अर्ज लिहायच्या आधी घरी तीन गोष्टी कागदावर उतरवा. पहिली, देवनागरी लेखन. भाचीच्या मुलीचं नाव ईश्वरी. आता पहिलं अक्षर दीर्घ ई की ऱ्हस्व इ? घरात आजोबा एक लिहीत होते, आई दुसरं. दुसरी गोष्ट, रोमन लेखन. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत निघतो, आणि पुढे पासपोर्टपासून बँकेपर्यंत सगळीकडे इंग्रजी रकानाच चालतो. ISHWARI, ISHVARI, ESHWARI ही तिन्ही माणसाच्या लेखी एकच मुलगी. संगणकाच्या लेखी तीन. बाल आधार आधीच काढलेलं असेल तर त्यावरचं स्पेलिंग बघा आणि ते पटत असेल तर तेच ठेवा. मूल शाळेत जात असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काय आहे ते मुख्याध्यापकांकडून बघून घ्या, कारण कारकून तिथलाच बोनाफाईड दाखला पुरावा म्हणून मागण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट, नुसतं नाव की पूर्ण नाव. काही दाखल्यांवर फक्त 'ईश्वरी' एवढंच येतं, काहींवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण. माझं मत विचाराल तर पूर्णच मागा. नुसत्या नावाचा दाखला चुकीचा नसतो, पण पुढे प्रत्येक खिडकीवर 'आडनाव कुठे आहे' हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर दर वेळी नव्याने द्यावं लागतं.

आई-वडिलांचं नावावर एकमत नसेल तर काम अडतं, कारण बहुतेक कार्यालयं दोघांच्या सह्या मागतात. केरळमध्ये एका जोडप्याचा असाच वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये शेवटी न्यायालयानेच मुलीचं नाव ठरवून दिलं. तिच्याही दाखल्यावर नावाची जागा कोरीच होती आणि शाळा तो दाखला घ्यायला तयार नव्हती.

अर्ज

कार्यालयाचा छापील फॉर्म असेल तर तोच भरा. नसेल तर साध्या कागदावर चालतं. आम्ही दिला तो असा होता:

> प्रति,
> मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, (कार्यालयाचे नाव)
>
> विषय: जन्म नोंदीत बालकाचे नाव समाविष्ट करणेबाबत (जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९, कलम १४)
>
> महोदय,
> आमच्या मुलीचा जन्म दि. ९/६/२०२१ रोजी (दवाखान्याचे नाव) येथे झाला असून जन्माची नोंद आपल्या कार्यालयात नोंदणी क्र. ____, नोंदणी दि. २४/६/२०२१ अन्वये झालेली आहे. नोंदणीच्या वेळी नाव ठरले नसल्याने नावाचा रकाना कोरा आहे. तरी पुढील नाव नोंदीत समाविष्ट करून सुधारित दाखला मिळावा, ही विनंती.
>
> नाव (मराठी): ईश्वरी (वडिलांचे नाव) (आडनाव)
> नाव (इंग्रजी, मोठ्या लिपीत): ISHWARI ____ ____
>
> हे नाव आम्ही दोघांच्या संमतीने देत आहोत. या मुलीची अन्यत्र कोठेही जन्म नोंद केलेली नाही.
>
> आईची सही, वडिलांची सही, दिनांक, मोबाईल क्रमांक

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं. दोन नोंदींची शंका कार्यालयाला नेहमी असते, ती आपणहून मिटवलेली बरी.

सोबत बिननावाचा मूळ दाखला जोडायचा. नियमातच आहे की आधी दिलेला उतारा निबंधकापुढे ठेवायचा म्हणजे त्यावर नावाचा शेरा मारता येतो. त्याशिवाय आई-वडिलांच्या आधारच्या प्रती, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, मूल मोठं असेल तर शाळेचा बोनाफाईड, आणि मागितलं तर नावाबद्दलचं स्वयंघोषणापत्र. प्रत्येक कार्यालयाची यादी थोडी वेगळी असते, तेव्हा शक्य असेल तर आधी फोन करून विचारा. परगावची फेरी वाचते.

आमच्या फाईलमध्ये कारकुनाने एका जागी बोट ठेवलं. नोंदीत आईचं नाव माहेरच्या आडनावाने होतं, आधारवर सासरच्या. बाळंतपणासाठी नाव घातलं तेव्हा केसपेपर आजोबांनी केला होता, आणि त्यांनी आपल्या लेकीचं नाव त्यांना सवयीचं होतं तसं सांगितलं. 'आधी आईचं नाव दुरुस्त करा, मग मुलीचं बघू,' असा पवित्रा होता. भाचीने विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यात दोन्ही नावं एकाखाली एक होती. ही आणि ती बाई एकच, हे त्यातून दिसत होतं, आणि तेवढ्यावर अर्ज घेतला गेला. आईचं किंवा वडिलांचं नाव खरोखरच चुकलेलं असेल, म्हणजे 'सुनीता'चं 'सुनंदा' झालं असेल, तर मात्र कलम १५ खाली दुरुस्तीचा वेगळा अर्ज लागतो. तो याच फेरीत बरोबर द्या, कारण दाखला एकदाच नवा छापून घेणं सोयीचं.

आणखी एक अडथळा काहींना येतो. रकाना कोरा नसतो. त्यात 'बेबी', 'बाळ' किंवा 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे नाव नाही, हे कुणालाही कळतं, पण नोंदीत अक्षरं आहेत म्हणून कार्यालय त्याला दुरुस्ती समजू शकतं. अशा वेळी अर्जात स्पष्ट लिहा की नोंदणीच्या वेळी नाव ठेवलेलं नव्हतं आणि दवाखान्याने ओळखीपुरता तो शब्द लिहिला. दवाखान्याकडून तसं दोन ओळींचं पत्र आणलंत तर उत्तम.

खिडकीवर आणि नंतर

अर्जाच्या दोन प्रती करा, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. कारकून 'पोच कशाला, उद्याच या' म्हणाला तरी घ्या. आम्हाला 'उद्या'चे अकरा दिवस झाले, आणि दुसऱ्या वेळी खिडकीवर माणूस वेगळा होता. त्या शिक्क्याच्या कागदामुळेच अर्ज शोधायला सुरुवात झाली.

नोंद संगणकावर घेताना समोर उभं राहायला मिळालं तर सोडू नका. आमच्या वेळी कारकून बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. इंग्रजी बरोबर होतं; मराठीत टंकताना 'इश्वरी' झालं होतं, ऱ्हस्व. भाचीने सांगितलं, बाईंनी एक अक्षर खोडून पुन्हा टाकलं, दहा सेकंदांचं काम. तेच नोंद मंजूर झाल्यावर लक्षात आलं असतं तर दुरुस्तीचा अर्ज, पुरावे आणि पुन्हा एक फेरी. म्हणून क्रमाने वाचा: मराठी नाव, इंग्रजी नाव, आडनाव, मग जन्मतारीख आणि लिंग, कारण नाव भरताना शेजारचा रकाना चुकून बदलला गेल्याचीही उदाहरणं असतात. नोंद जुन्या हाती वहीत असेल तर वहीतल्या रकान्यात नाव लिहून त्यापुढे निबंधकाची सही आणि तारीख पडली का, ते विचारा. नुसत्या दाखल्यावर नाव छापून दिलं आणि वहीत रेघ तशीच राहिली, तर पुढच्या वेळी उतारा काढाल तेव्हा पुन्हा रेघच येईल.

नव्या दाखल्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख जुनीच राहते. बदलते ती फक्त दाखला दिल्याची तारीख. हे मुद्दाम सांगतो, कारण नवी तारीख बघून दाखला 'आत्ता बनवलाय' अशी शंका शाळेत घेतात. नोंदणीच्या तारखेवर बोट ठेवून दाखवा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात झालेल्या बदलानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखल्याला आणखी वजन आलं आहे. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून तोच धरायचा आहे. त्या तारखेनंतरचं बाळ घरात असेल तर आजच दाखला काढून नावाचा रकाना बघा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे जाता येत नाही. कायद्यातल्या २०२३ च्या याच बदलाने कलम २५अ आलं आहे. त्यानुसार निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं, आणि त्याने नव्वद दिवसांत निर्णय द्यायचा असतो. माझा अनुभव असा की कलम १४ चं साधं प्रकरण तिथवर जात नाही. लेखी कारण मागितलं की बऱ्याचदा वरिष्ठांना विचारलं जातं आणि अर्ज घेतला जातो.

आम्ही दाखल्याच्या तीन प्रती घेतल्या. एक शाळेत गेली, एक आधार केंद्रात दाखवायला, एक घरी. रेघेचा जुना दाखला बाईंनी ठेवून घेतला, पण त्याची झेरॉक्स आणि शिक्क्याची पोच भाचीने त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत परत टाकली.